लॅटिन चौरस पूर्ण होणार की नाही, हे मोजून सांगता येते, पण कोणता?

प्रश्न: माझ्याकडे अर्धवट भरलेला लॅटिन चौरस आहे. प्रत्येक ओळीत आणि स्तंभात कोणती चिन्हे राहिली आहेत हे मोजून तो पूर्ण होईल की नाही ते आधीच सांगता येते का, की भरत-खोडतच बसावे लागते?

लॅटिन चौरसात जितक्या ओळी आणि स्तंभ तितकीच चिन्हे असतात, आणि प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात एकदाच येते. भरलेली घरे एका कोपऱ्यात सलग, आयताच्या आकारात असतील, तर एकही घर न भरता निश्चित उत्तर देता येते. घरे विखुरलेली असतील तर मोजणी अर्धेच काम करते. त्याविषयी शेवटी लिहितो. आधी आयताविषयीच लिहायचे आहे, कारण याच मुद्द्यावर विद्यार्थिदशेत एका ज्येष्ठ शिक्षकांशी झालेला माझा वाद माझ्या मते अजून मिटलेला नाही.

त्यांनी फळ्यावर ५ × ५ चा चौरस काढला होता आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ३ × ३ चा तुकडा भरून दिला होता:

१ २ ३
२ ३ १
३ १ २

उरलेली सोळा घरे १ ते ५ या चिन्हांनी भरायची होती. सरांचे म्हणणे असे, की कोणत्याही ओळीत किंवा स्तंभात पुनरावृत्ती नाही आणि प्रत्येक रिकाम्या घरात बसू शकेल असे चिन्ह शिल्लक आहे, म्हणून चौरस पूर्ण होणारच; फक्त धीर धरायला हवा. यातली पहिली दोन विधाने खरी होती. वरच्या तिन्ही ओळींत ४ आणि ५ राहिले होते, डावीकडच्या तिन्ही स्तंभांतही ४ आणि ५ राहिले होते, आणि उजवीकडच्या खालच्या चार घरांत तर काहीही चालले असते. घर न् घर तपासले तरी कुठे खोट सापडत नव्हती. सगळा वर्ग भरत होता आणि खोडत होता.

मी घरांकडे न पाहता एकट्या ४ या चिन्हाकडे पाहिले. वरच्या तीन ओळींपैकी प्रत्येकीत ४ यायलाच हवा. त्या ओळींतले पहिले तीन स्तंभ भरलेले आहेत आणि त्यांत ४ नाही, म्हणजे तिन्ही ४ चौथ्या आणि पाचव्या स्तंभांतच बसवावे लागतील. तीन माणसे आणि दोन खुर्च्या: एका स्तंभात दोन ४ येणारच. मी हात वर करून म्हणालो, की हा चौरस पूर्ण होऊ शकत नाही.

“किती पर्याय करून पाहिलेस?”

“एकही नाही, सर.”

“मग होत नाही, असे कशाच्या जोरावर म्हणतोस?”

वर्ग हसला आणि मला खाली बसवण्यात आले. माझे मत तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे, की पर्याय करून पाहणे हा अशक्यतेचा पुरावा तेव्हाच होतो, जेव्हा एकूण एक पर्याय संपवलेला असतो. उलट मोजणीचे एक वाक्य सगळे पर्याय एकदम बाद करते. ज्याला हे वाक्य म्हणजे पळवाट वाटते, त्याने अंकगणित शिकवावे, पण कृपया चौरस शिकवू नयेत.

सरांचा समज कशामुळे झाला असावा, हे नंतर माझ्या लक्षात आले. हाच ३ × ३ चा तुकडा ६ × ६ च्या चौरसात ठेवला, तर तो खुशाल पूर्ण होतो. तेथे ४ ला तीन ओळींसाठी तीन स्तंभ मोकळे मिळतात, आणि ५ व ६ यांनाही तेवढेच. तुकडा तोच असतो, त्यात दोषही काही नसतो. बदलते ती फक्त बाहेरची जागा. म्हणून तुकडा नीटनेटका आहे, चक्राकार आहे, डोळ्यांना छान दिसतो, या गोष्टींवरून काहीही ठरत नाही. किंबहुना असे सुबक तुकडेच फसवतात, कारण ते थोडीच चिन्हे पुनःपुन्हा वापरतात आणि बाकीची सगळी बाहेर ढकलतात.

यातून नियम आपोआप निघतो. भरलेल्या तुकड्यात एखादे चिन्ह जितक्या वेळा आले आहे, तितक्या ओळींची त्याची गरज भागलेली असते. उरलेल्या ओळींसाठी त्याला तुकड्याबाहेरच्या स्तंभांत जागा हवी, आणि एका स्तंभात ते एकदाच बसते. म्हणून तुकड्याच्या ओळींची संख्या आणि स्तंभांची संख्या यांची बेरीज करून तीतून चौरसाचा क्रम, म्हणजे त्यातल्या एकूण ओळींची संख्या, वजा केला, की प्रत्येक चिन्ह निदान किती वेळा तुकड्यात यायला हवे, तो आकडा मिळतो. ओळींऐवजी स्तंभ धरून मोजले तरी आकडा तोच येतो. ५ × ५ मध्ये ३ × ३ साठी तो ३ + ३ − ५, म्हणजे १ आहे. सरांच्या तुकड्यात ४ आणि ५ एकदाही नव्हते. ६ × ६ मध्ये तो शून्य होतो, म्हणून तेथे तक्रारच उरत नाही.

येथपर्यंतचा भाग कोणालाही सुचेल. खरी गंमत उलट दिशेत आहे: ही एवढी अट पुरेशीही आहे. प्रत्येक चिन्ह तेवढ्या वेळा आलेले असेल, तर चौरस नक्की पूर्ण होतो. हे रायसर यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले.

पूर्ण होतो हे कळले तरी तो भरायचा कसा, याचे उत्तरही त्याच मोजणीत आहे. आता दुसरा तुकडा घेऊ, जो सरांच्या मानाने ओबडधोबड आहे:

१ २ ३
२ ३ ४
३ १ ५

चौरस पुन्हा ५ × ५ चा. येथे १ आणि २ दोनदा आले आहेत, ३ तीनदा आला आहे, आणि ४ व ५ एकेकदा. किमान आकडा १ असल्यामुळे अट जेमतेम पाळली गेली आहे, आणि ‘जेमतेम’ हा शब्द मनात ठेवा. पहिल्या ओळीत राहिले आहेत ४ आणि ५, दुसऱ्या ओळीत १ आणि ५, तिसऱ्या ओळीत २ आणि ४. आता चौथ्या स्तंभाची वरची तीन घरे भरायची आहेत.

घाईने भरणारा वरून खाली ४, १, २ असे लिहील. पुनरावृत्ती नाही, ओळींशी भांडण नाही. पण आता पाचव्या स्तंभासाठी पहिल्या ओळीत ५ उरतो आणि दुसऱ्या ओळीतही ५ उरतो, म्हणजे खेळ संपला. ही अडचण पाचव्या स्तंभापर्यंत न जाताही दिसू शकते. एक स्तंभ वाढला की तुकडा ३ × ४ चा होतो आणि किमान आकडा १ वरून २ वर जातो. ५ हे चिन्ह आधी एकदाच आले होते आणि या स्तंभात आलेच नाही, त्यामुळे ते मागे पडले. म्हणून प्रत्येक नवीन स्तंभाच्या वेळी किमान आकड्यावर जेमतेम उभी असलेली सगळी चिन्हे त्या स्तंभात आलीच पाहिजेत. बाकीच्यांना सवलत आहे. येथे अशी चिन्हे ४ आणि ५. पहिल्या ओळीत ४ घेतला, तर ५ साठी दुसरी ओळच राहते आणि तिसऱ्या ओळीत २ येतो. चौथा स्तंभ ४, ५, २ असा झाला, आणि पाचवा उरलेल्या चिन्हांनी ५, १, ४ असा आपोआप भरला:

१ २ ३ ४ ५
२ ३ ४ ५ १
३ १ ५ २ ४

खालच्या दोन ओळींसाठी आता डोके चालवावे लागत नाही. स्तंभांत क्रमाने राहिलेली चिन्हे अशी आहेत: पहिल्या दोन स्तंभांत ४ आणि ५, तिसऱ्यात १ आणि २, चौथ्यात १ आणि ३, पाचव्यात २ आणि ३. प्रत्येक स्तंभात दोन चिन्हे राहिली आहेत आणि प्रत्येक चिन्ह बरोबर दोन स्तंभांत राहिले आहे. कोणतेही तीन स्तंभ घेतले, तर त्यांत मिळून सहा नोंदी असतात आणि एक चिन्ह जास्तीत जास्त दोन नोंदी खाते, म्हणजे निदान तीन वेगळी चिन्हे मिळतातच. तीनऐवजी कितीही स्तंभ घेतले तरी हिशेब तसाच चालतो. एवढे असले की प्रत्येक स्तंभाला वेगळे चिन्ह देता येते, हे फिलिप हॉल यांचे १९३५ चे प्रमेय, आणि त्यावरून पूर्ण ओळींचा तुकडा केव्हाही पुढे वाढवता येतो, हे १९४५ मध्ये दाखवले मार्शल हॉल यांनी. (दोघांचे आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळ जण त्यांना एकच समजतात.) चौथी ओळ ४, ५, १, ३, २ अशी घेतली की पाचवी ५, ४, २, १, ३ अशी येते.

हीच पद्धत मी त्या वर्गात सांगू इच्छीत होतो. “करून पाहा” हा सल्ला ३ × ३ च्या तुकड्यापुरता फारसा महाग पडत नाही, पण १० × १० च्या चौरसात ७ × ७ चा तुकडा दिला असेल, तर प्रत्येक चिन्ह त्यात निदान चार वेळा यायला हवे, हे मोजायला काही मिनिटे लागतात आणि एखादे चिन्ह तीनदाच आले आहे हे न पाहता भरत बसणाऱ्याची सगळी संध्याकाळ जाते. तुम्हाला कोणी “सगळे पर्याय पाहिलेस का” असे विचारले, तर कमी पडलेल्या चिन्हाचे नाव सांगा, त्याला किती ओळी उरल्या आणि किती स्तंभ मोकळे आहेत ते दाखवा, आणि समोरच्याला तेवढे स्तंभ शोधून द्यायला सांगा.

आता विखुरलेल्या घरांविषयी. तुमचा चौरस तसा असेल, तर वरचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. मोजणी ‘नाही’ सिद्ध करू शकते: एखादे चिन्ह ज्या ओळींत यायचे आहे त्यांपैकी काही ओळी निवडा, त्या ओळींत ते चिन्ह कोणकोणत्या स्तंभांत बसू शकते ते पाहा, आणि स्तंभ ओळींपेक्षा कमी निघाले, तर प्रकरण मिटले. पण कमी निघाले नाहीत, म्हणून ‘हो’ म्हणता येत नाही. अशा चौरसाचा सर्वसाधारण निर्णय एनपी-पूर्ण आहे, हे कोलबोर्न यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणजे तेथे सगळ्यांना पुरेल अशी झटपट मोजणी अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. भरलेली घरे फारच थोडी असतील तर मात्र निश्चिंत राहा: चौरसाच्या क्रमापेक्षा एक कमी इतकीच घरे भरलेली असतील आणि पुनरावृत्ती नसेल, तर ती कुठेही असोत, चौरस पूर्ण होतो. ही एव्हन्स यांची १९६० ची अटकळ स्मेटानियुक यांनी १९८१ मध्ये सिद्ध केली. त्याहून एकच घर जास्त झाले, की हमी संपते: ४ × ४ मध्ये पहिल्या ओळीत १, २, ३ लिहा आणि चौथ्या स्तंभात दुसऱ्या ओळीवर ४ ठेवा, पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात घालायला काहीच उरत नाही.

आणि तुमचा चौरस सुडोकूचा असेल, तर त्यातल्या लहान चौकटींची अट वेगळी धरावी लागते. रायसर यांच्या मोजणीत ती येत नाही.