जेपर्डी या अमेरिकी टीव्ही प्रश्नमंजुषेत उत्तर माहीत असूनही स्पर्धकाचा बझर का लागत नाही?

बहुतेक वेळा घाई नडते. सूत्रसंचालक प्रश्न वाचत असताना बझर बंदच असतो. शेवटचा शब्द संपला की सेटवरचा एक कर्मचारी हाताने यंत्रणा चालू करतो आणि बोर्डाच्या कडेचे दिवे लागतात. त्याआधी बटण दाबलं तर तुमचा बझर पाव सेकंद अडकतो, तेवढ्यात दुसरा बाजी मारतो. टीव्हीवर जो वेड्यासारखं बटण दाबत सुटलेला दिसतो, तो बहुधा यातच सापडलेला असतो. १९८५ च्या आधी मधेच दाबायची मुभा होती.

म्हणून मुरलेले खेळाडू दिव्यांची वाट बघत नाहीत, आवाजाच्या लयीवरून क्षण पकडतात. दिवा दिसून अंगठा हलेपर्यंत उशीरच होतो.

बझर लागला तरी चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाची रक्कम वजा होते. शेवटच्या फेरीत मात्र बझर नसतो. आपल्याकडच्या पैशांतून पैज लावायची आणि उत्तर लिहायचं. जेम्स होल्झहाउअर या स्पर्धकाने एप्रिल २०१९ मध्ये ७२,६०० डॉलर हाती असताना नेमके ३८,३१४ लावले, उत्तर बरोबर आलं आणि बेरीज झाली १,१०,९१४. हा आकडा म्हणजे अमेरिकी पद्धतीने लिहिलेली त्याच्या मुलीची जन्मतारीख: ९ नोव्हेंबर २०१४! एका भागातला तोवरचा विक्रम ७७,००० चा होता. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःच तो १,३१,१२७ वर नेला.