शब्द बदलले तर चोरी, वाक्य बदललं तर अर्थच बदलतो

"मॅडम, प्रबंधातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण लिहितेय. संदर्भातलं वाक्य थोडं बदलून घेतलं, तर तपासणीत जुळणारा मजकूर म्हणून लाल होतं. भीतीने सगळंच बदललं, तर मार्गदर्शक म्हणतात की मूळ लेखक असं म्हणतच नाहीत. खाली संदर्भ तर दोन्ही वेळा दिलाय. मग नेमकं लिहायचं कसं?"

मी त्यांना लाल झालेला परिच्छेद आणि मूळ लेख, दोन्ही घेऊन बोलावलं. ओळख राहू नये म्हणून विषय बदलून, पण त्याच बांधणीची वाक्यं इथे देते.

मूळ वाक्य असं धरा: "ज्या विद्यार्थ्यांनी झोपण्यापूर्वी दीर्घकाळ मोबाइल वापरत असल्याचे सांगितले, त्यांच्यात अपुऱ्या झोपेच्या तक्रारी अधिक आढळल्या, मात्र पाहणी एकदाच केलेली असल्याने यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही."

त्यांचा पहिला मसुदा: "ज्या विद्यार्थ्यांनी निद्रेपूर्वी बराच काळ भ्रमणध्वनी वापरत असल्याचे नमूद केले, त्यांच्यामध्ये अपुऱ्या निद्रेच्या तक्रारी जास्त दिसून आल्या." इथे झोपेची निद्रा झाली, मोबाइलचा भ्रमणध्वनी झाला, पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा राहिला. संदर्भ दिल्याने विचार कुणाचा ते कळतं. शब्दरचनाही त्यांचीच आहे, हे मात्र कळत नाही. अवतरणचिन्हं नसली की वाचक रचना तुमची समजतो, आणि आक्षेप नेमका तिथे येतो. शिवाय बदलले ते शब्द बदलण्याची गरजच नव्हती. विषयातल्या रूढ संज्ञा कुणाच्या मालकीच्या नसतात, त्या तशाच ठेवाव्यात.

दुसरा मसुदा: "झोपण्यापूर्वी मोबाइल वापरल्याने विद्यार्थ्यांची झोप बिघडते." यात एकही ओळ लाल होणार नाही, आणि तरी माझ्या मते दोन्हींत हाच जास्त घातक. 'अधिक आढळल्या'चं 'मुळे बिघडते' झालं. काही विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या, त्या सगळ्यांच्या झोपेबद्दलचं विधान बनल्या. 'दीर्घकाळ' गळालं, 'सांगितले' गळालं, आणि लेखकांनी स्वतःहून घातलेली मर्यादाही गेली. जे ते नाकारतात, तेच त्यांच्या नावावर चढलं. जुळणी शोधणारं सॉफ्टवेअर शब्दांच्या ओळी पकडतं. अर्थ सरकला तर त्याला पत्ता लागत नाही.

दोन्ही मसुद्यांमागे सवय एकच होती: लेख समोर उघडा ठेवून एकेका वाक्यावर काम करायचं. म्हणून मी लेख मिटायला लावला आणि विचारलं, "त्यांनी काय केलं, काय दिसलं आणि काय म्हणायचं टाळलं, ते मला सांगा." त्या म्हणाल्या, "त्यांनी विद्यार्थ्यांना एकदाच विचारलं. रात्री मोबाइल जास्त वापरतो म्हणणाऱ्यांनी झोप पुरत नसल्याचं जास्त सांगितलं. पण मोबाइलमुळेच, असं ते म्हणत नाहीत. कदाचित झोप येत नाही म्हणूनच मुलं मोबाइल घेत असतील."

हे बोलणं त्यांनी तसंच कागदावर उतरवलं. मग लेख उघडून पडताळलं: कुणाबद्दल, कशावरून, कोणता संबंध, किती खात्रीने. एवढ्या चार गोष्टी दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. तेव्हा लक्षात आलं की शेवटचं 'कदाचित' मूळ वाक्यात नाहीच. तो त्यांचा स्वतःचा विचार होता, आणि चांगला होता. फक्त तो संदर्भाच्या आत राहिला असता, तर मूळ लेखकांच्या तोंडी गेला असता.

अखेर परिच्छेद असा झाला: "मोबाइलचा दीर्घ वापर आणि अपुरी झोप यांचा संबंध एकदाच केलेल्या एका पाहणीत दिसतो (लेखक, वर्ष). ही माहिती विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली आहे, आणि यातून कारण ठरवता येत नाही, असे हे लेखकच स्पष्ट करतात. माझ्या मते उलट शक्यताही तपासायला हवी: झोप न लागल्यामुळे मोबाइल हाती घेतला जात असेल." पहिल्या वाक्यात संदर्भ, दुसऱ्यात 'हे लेखकच', तिसऱ्यात 'माझ्या मते'. कुणाचं काय, ते वाचकाला प्रत्येक ठिकाणी दिसतं.

'कार्यकारणभाव सिद्ध होत नाही' हे शब्द त्यांना तसेच हवे होते. मग अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह घ्या, म्हटलं. हीच शिस्त टिपणवहीतही लागते. वहीत उतरवून घेतलेल्या ओळीला तेव्हाच अवतरणचिन्ह घातलं नाही, तर काही महिन्यांनी ती आपलीच वाटू लागते.

प्रकरणातल्या बाकीच्या संदर्भांनाही त्यांनी हीच रीत लावली. काही लेख मिटल्यावर त्यांना तोंडी सांगताच येईनात. त्यांतले काही त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि ज्यांचा फक्त सारांश वाचला होता ते प्रकरणातून काढून टाकले.