पेन्सिलीनं अधोरेखित केलेली तीन वाक्यं

"मॅडम, निबंधात वाङ्मयचौर्य केलं असं पत्र आलंय. दहा दिवसांनी चौकशी समितीपुढं सुनावणी आहे, त्याआधी लेखी निवेदन द्यायचंय. सगळं कबूल करून माफी मागू, की सगळं नाकारू? घरी अजून बोललेलो नाही."

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की एका मुलाची हकीकतच सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पदव्युत्तर वर्गातला हुशार मुलगा. पहिल्या भेटीतच त्यानं निवेदनाचा मसुदा पुढं केला. चार पानं. 'प्रामाणिक' हा शब्द अकरा वेळा. शाळेतली बक्षिसं होती, आईवडिलांचे कष्ट होते, शेवटी 'माझं आयुष्य उद्ध्वस्त करू नका' होतं. मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, "समितीला कागद बघून पडताळता येईल अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मार." बराच वेळ पेन्सिल हवेतच राहिली. चार पानांत रेघा पडल्या तीन.

"बाकीचं काय आहे मग?" मी विचारलं.

"मी तसा मुलगा नाही, हे सांगायचंय."

"पण पत्रात तू कसा मुलगा आहेस असं कुठं विचारलंय?"

त्यानं पत्र पुन्हा वाचलं. माझ्यासमोरच, बहुधा पहिल्यांदाच नीट. आरोप एका निबंधाचा होता आणि सोबत साम्य-अहवाल जोडला होता: ३४ टक्के. तो आकडा बघून त्यानं अहवाल मिटून टाकला होता, आतली पानं उघडलीच नव्हती.

इथं मी थोडी रेंगाळते, कारण बहुतेक मुलं इथंच चुकतात. साम्याचा टक्का म्हणजे चोरीचा टक्का नव्हे. यंत्र फक्त जुळणारे शब्द रंगवतं. ते कुठून आले आणि तसे का आले, हे माणसानं ठरवायचं असतं. रंगीत प्रत आल्यावर आम्ही दोघांनी रंग मोजले. ११ टक्के संदर्भसूची, अवतरणचिन्हातले उतारे आणि कुणीही वापरेल अशा ठरीव शब्दरचना. ९ टक्के त्याचाच आधी जमा केलेला कच्चा मसुदा, जो त्याच विषयासाठी प्रणालीत साठवलेला होता. उरले १४ टक्के. एकाच लेखातले सलग दोन परिच्छेद. अवतरणचिन्ह नाही, जागेवर उल्लेख नाही. लेखाचं नाव मात्र शेवटच्या सूचीत होतं.

"तीन हजार शब्दांचे चौदा टक्के किती?"

"४२०," तो म्हणाला आणि कसनुसं हसला. मग हळूच, "हे दोन परिच्छेद माझे नाहीत मॅडम. पण बाकी सगळं माझं आहे."

माझ्या दृष्टीनं सुनावणी तिथंच अर्धी झाली. 'मी चोर आहे' आणि 'मी काहीच केलं नाही' या दोन टोकांत तो तीन आठवडे हेलपाटत होता. दोन्ही वाक्यं माणसाबद्दलची, कृतीबद्दलची एकही नाही. माणूस आणि कृती वेगळी करायला मी उपचारात शिकवते. चौकशीच्या निवेदनातही नेमकं तेच लागतं, हे त्या दुपारी मला लख्ख कळलं. तेव्हापासून ही पेन्सिल माझ्या टेबलावरच असते.

मग पुराव्यांकडे वळलो. त्याच्या टिपणांच्या फाइलमध्ये ते दोन परिच्छेद लेखाच्या दुव्यासह चिकटवलेले होते, अवतरणचिन्हाविना. निबंधाच्या फाइलच्या आवृत्ती-इतिहासात दिसत होतं की बाकीचा मजकूर सोळा दिवसांत तुकड्यातुकड्यानं वाढलाय आणि हे परिच्छेद शेवटच्या रात्री एका झटक्यात आलेत. तो घाबरला, "हे दाखवलं तर माझ्याच अंगाशी येईल." येणारच होतं. पण तोच इतिहास उरलेला निबंध त्याचा असल्याचीही साक्ष देत होता. अर्धा पुरावा झाकता येत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढून तीच बघायची, हेही तेव्हाच बजावलं. आरोपानंतर बदललेली फाइल आणखी एक आरोप होऊन परत येते.

हेतू नव्हता, एवढं सांगितलं की सुटका होते असं मुलांना वाटतं. बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत गैरप्रकार ठरायला हेतू लागत नाही. शिक्षा किती, हे ठरवताना मात्र तो बघितला जातो. शिवाय समिती म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. आरोप सिद्ध करायची जबाबदारी संस्थेचीच, पण सहसा 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढ्यावर निर्णय होतो. म्हणून नुसता नकार टिकत नाही, कागद लागतो.

हक्कांचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आरोप लेखी आणि नेमका मिळणं, पुरावा सुनावणीआधी बघायला मिळणं, उत्तराला पुरेसा वेळ, ज्यानं आरोप केला त्यानंच निकाल न देणं, निकाल कारणांसह लेखी मिळणं, वर दाद मागता येणं. कलमं संस्थेगणिक वेगळी, पण गाभा हाच. सोबत कुणाला नेता येतं का, आणि त्यानं बोलायचं की नुसतं बसायचं, हे नियमावलीत बघावं लागतं. पत्रासोबत आलेली अहवालाची प्रत रंगीत नव्हती, काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत कोणता मजकूर कुठून आला तेच कळत नव्हतं. म्हणून रंग मोजण्याआधीच त्यानं दोन ओळींचा ईमेल करून रंगीत प्रत आणि चार दिवस मुदतवाढ मागितली होती. दोन्ही मिळालं. मागितलं म्हणून कुणी रागावलं नाही, याचं त्यालाच आश्चर्य!

नवं निवेदन दीड पानाचं झालं. पहिल्याच परिच्छेदात काय मान्य, काय नाही: पान तीनवरचे दोन परिच्छेद मान्य, उरलेल्या साम्याचा हिशेब असा. मग तारखांनुसार घडलेलं, प्रत्येक विधानापुढं जोडपत्राचा क्रमांक. त्या आठवड्यातलं आजारपण शेवटी, दोन ओळींत, डॉक्टरांच्या दाखल्यासह. आजारपण आधी लिहिलं की ती सबब वाटते. शेवटी विनंती. 'माफ करा' एवढंच नव्हे, तर तेवढा भाग पुन्हा लिहू द्यावा, अशी.

शिक्षांची उतरंड साधारण अशी असते: ताकीद, कमाल गुणांची मर्यादा घालून पुन्हा लेखन, त्या कामाला शून्य, विषयात नापास, काही काळ निलंबन, आणि टोकाला नाव काढून टाकणं. पायरी ठरवताना पहिलीच वेळ आहे का, मजकूर किती, अभ्यासक्रमाच्या कोणत्या टप्प्यावर, फसवणूक ठरवून केली का, हे पाहतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला 'मला नियम माहीत नव्हता' याचा फारसा उपयोग होत नाही.

त्याला पुनर्लेखन मिळालं, गुण उत्तीर्ण होण्यापुरतेच. निकाल आला त्या संध्याकाळी फोन, "अपील करतो मॅडम, गुण फारच कमी होतात."

"कशावर करणार? प्रक्रियेत चूक झाली? नवा पुरावा आहे? शिक्षा चुकीच्या मानानं जास्त आहे?"

बराच वेळ शांतता. "नाही. नुसता राग आलाय."

तुमच्याकडे अजून दहा दिवस आहेत. अहवाल उघडा, प्रत्येक रंगापुढं तो मजकूर कुठून आला ते लिहा आणि ते घेऊनच या. चोरीचा आरोप पूर्ण खोटा असेल, तर एकही रंग 'माझा नाही आणि उल्लेखही नाही' या रकान्यात जाणार नाही. मग निवेदन त्या रकान्याशिवाय लिहू, आणि मसुदे, टिपणं, फाइलचा इतिहास हेच पुढं ठेवू. घरी कसं सांगायचं तेही त्याच दिवशी बोलू. त्या मुलानं वडिलांना आधी दीड पानांचं निवेदनच वाचायला दिलं होतं.