गोष्टीतला चषक कशाचा आहे?

प्रिय मित्रा,

तुझी गोष्ट मिळाली. दोनदा वाचली. शाळेची अडगळीची खोली झकास उतरली आहे. मोडके बाक, गॅदरिंगचा फाटका पडदा, हवा गेलेले व्हॉलीबॉल, त्यांच्याखाली दबलेला काळाकुट्ट चषक. पण तिसऱ्या पानावर मुलगा घरून चिंच आणतो, चषकाला चोळतो आणि 'बघता बघता चषक लखलखू लागला' असं म्हणून तू मोकळा होतोस. खाली आजोबांचं नाव दिसतं, मुलाचे डोळे भरून येतात, गोष्ट संपते. मी तिथेच अडकलो. माझं निम्मं आयुष्य जुन्या धातूच्या वस्तू साफ करण्यात गेलं, म्हणून असेल, पण मला पहिला प्रश्न पडला तो हा: हा चषक कशाचा आहे?

तू 'चांदीचा चषक' म्हणतोस. शाळेच्या फिरत्या चषकाला अस्सल चांदी कोण घालणार? बहुतेक वेळा आत पितळ असतं आणि वरून चांदीचा मुलामा. कधी जर्मन सिल्व्हर असतं, ज्यात नावाखेरीज चांदी नाही, नुसतं तांबं, जस्त आणि निकेल. तुझ्या गोष्टीला पितळेवरचा मुलामा सगळ्यात सोयीचा, कारण तिथे दोन धातू एकमेकांशी भांडतात आणि चिंच त्यातल्या एकाचीच बाजू घेते.

देवघरातली समई चिंचेने उजळते हे तू पाहिलेलं आहेस. पितळेवरची ती तपकिरी-हिरवट पुटं आंबटात विरघळतात. चांदीवरचा काळपटपणा वेगळा. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो तयार होतो आणि चिंचेला, लिंबाला तो दाद देत नाही. म्हणजे तुझा मुलगा चिंच चोळत बसला तर पोटाचा भाग तसाच काळा राहील. उजळेल कुठे, तर कानांच्या वळणावर आणि काठावर, जिथे वर्षानुवर्षं विजेत्यांचे हात लागून मुलामा आधीच झिजला आहे. तिथलं उघडं पितळ पिवळंजर्द होईल. चिंच जास्त वेळ राहिली तर किंचित गुलाबीसुद्धा, कारण पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं वर दिसू लागतं.

आता त्या मुलाच्या जागी बसून बघ. दहा-अकरा वर्षांचा पोरगा, समोर काळा चषक, आणि कानापाशी सोन्यासारखं काहीतरी चमकतंय. त्याला काय वाटेल? आत सोनं आहे! आता तो चिंच बाजूला ठेवून राख घेईल, बारीक वाळू घेईल आणि जीव खाऊन घासू लागेल. तुझी गोष्ट खरी इथे सुरू होते.

हे मी कल्पनेने सांगत नाही. आठवीत असताना हा पराक्रम मी स्वतः केला आहे. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी पीटीच्या सरांनी कबड्डीचा चषक हातात दिला आणि 'चकाचक कर' म्हणाले. मी राखेने घासला. फडकं काळं होत गेलं तसा मला हुरूप येत गेला. मळ निघतोय, असं वाटत होतं. पुढे या कामात पडल्यावर कळलं की फडक्यावरच्या त्या काळ्या मशीत वजनाने आठातला सात हिस्सा चांदीच असते. मुलाम्याचा थर माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. मी मळ काढत नव्हतो, चषक काढत होतो. संध्याकाळी चषकाच्या पोटावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता, आणि त्या डागात एका वर्षाच्या संघनायकाचं नाव होतं. 'होतं' म्हणतो, कारण उरली ती दोन-तीन अक्षरांची शेपटं. सरांनी ते पाहिलं की नाही, मला आजवर माहीत नाही. चषक टेबलावर ठेवताना तो डाग मी भिंतीकडे फिरवून ठेवला होता.

नाव कसं जातं, तेही समजून घे, कारण तुझा शेवट नावावरच उभा आहे. कोरलेलं अक्षर म्हणजे एक उथळ चर. त्या चरात साठलेल्या काळेपणामुळेच ते अक्षर वाचता येतं. घासताना चराच्या कडा बोथट होतात, तळ वर येतो, आणि काळं निघून गेलं की उरलंसुरलं अक्षरही डोळ्यांना सापडत नाही. तू लिहिलंस की घासल्यामुळे नाव दिसलं. व्हायचं ते नेमकं उलटं. बुजलेलं नाव वाचायला आम्ही कधी घासत नाही. खोलीत अंधार करायचा आणि बॅटरी चषकाला जवळजवळ चिकटवून बाजूने आडवा झोत टाकायचा. चराच्या एका कडेवर उजेड पडतो, दुसऱ्या कडेची सावली पडते आणि अक्षर उठून येतं. वरचं काळं जिथल्या तिथे राहतं.

एखादे विज्ञानाचे सर गोष्टीत आणावेसे वाटले तर त्यांच्याकडे अजून एक युक्ती असेल: गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद. चषक कागदाला टेकला पाहिजे. मग गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वास गोष्टीला छान आहे. पण अक्षरांतलं काळंही यात निघून जातं, आणि पोकळ बुडात पाणी शिरलं तर आतला लोखंडी बोल्ट गंजतो. मी तुझ्या जागी असतो तर ही युक्ती वापरली नसती. सर आले की गोष्ट सरांची होते.

एक शोध मात्र तू नकळत लावला आहेस. चषकाला तू व्हॉलीबॉलच्या ढिगाखाली ठेवलंस. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि जुनं रबर ते हळूहळू सोडत राहतं. चांदीच्या भांड्याला रबरबँड गुंडाळून ठेव, काही महिन्यांनी काळी रेघ उमटलेली दिसेल. तेव्हा तुझा चषक सगळीकडून सारखा काळा नसणार. चेंडूंना टेकलेली बाजू निळसर-काळी, भिंतीकडची बाजू नुसती पिवळट-तपकिरी. आजोबांचं नाव त्या पिवळट बाजूला ठेवलंस तर मुलाला ते घासण्याआधीच अर्धवट दिसेल. 'रा' दिसेल, पुढचं दिसणार नाही. मग राख घेतलेला हात पुढे जाईल की थांबेल, ते तू ठरव. रडण्याचं वाक्य तेवढं काढून टाक, ते तिथे टिकणार नाही.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एक काम कर. जुन्या बाजारात मुलामा दिलेला एखादा काळा पडलेला चमचा मिळेल. दांड्याच्या टोकाला खाली जिथे पिवळं डोकावतंय असाच निवड. अर्ध्या भागाला चिंच लाव, अर्धा राखेने घास, आणि दर पाच मिनिटांनी काय दिसतं ते लिहून ठेव. चमचा वाया जाईल, जाऊ दे. गोष्टीसोबत ते फडकंही पाठव.

तुझा,
काका