लेआउटचा दोष कळवताना फोनच्या नावापेक्षा काय लिहावे?

प्रश्न: मी एका कंपनीत इंटर्न आहे. अँड्रॉइड ॲप वेगवेगळ्या फोनवर चालवून लेआउटमधले दोष कळवणे हे माझे काम आहे. मी फोनचे मॉडेल आणि स्क्रीनशॉट देतो, तरी बरेचसे बग ‘आमच्याकडे दिसत नाही’ असा शेरा मारून बंद केले जातात. नेमके काय चुकते आहे?

उत्तर:

तुमच्या वर्णनावरून असे वाटते की तुम्ही दोष कोणत्या फोनवर दिसला ते सांगता, पण कोणत्या परिस्थितीत दिसला ते सांगत नाही. डेव्हलपरकडे तो फोन बहुधा नसतो. परिस्थिती कळली, तर मात्र तो ती स्वतःच्या फोनवर बहुतेक वेळा तयार करू शकतो. लेआउटचे बहुसंख्य दोष मॉडेलमुळे होत नाहीत. ते स्क्रीनची डीपी या एककातली रुंदी, अक्षरांचा आकार, ॲपची भाषा आणि खालची नेव्हिगेशन पट्टी यांच्या एखाद्या विशिष्ट जुळणीमुळे होतात.

यातली रुंदी आधी समजून घ्या, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. अँड्रॉइड मांडणी पिक्सेलमध्ये न करता डीपीमध्ये करते आणि इंचाला 160 पिक्सेल, म्हणजे 160 डीपीआय असताना एक डीपी म्हणजे एक पिक्सेल असे प्रमाण असते. त्यामुळे पिक्सेलमधल्या रुंदीला 160 ने गुणून डीपीआयने भागले की डीपीमधली रुंदी मिळते. 720 पिक्सेल आणि 320 डीपीआयचा स्वस्त फोन 360 डीपी रुंद असतो, आणि 1080 पिक्सेल व 480 डीपीआयचा महागडा फोनही 360 डीपीच असतो. लेआउटच्या दृष्टीने हे दोन्ही फोन जवळजवळ सारखेच आहेत. तोच 1080 पिक्सेलचा फोन 420 डीपीआयवर असेल, तर त्याची रुंदी सुमारे 411 डीपी होते. म्हणूनच ‘कमी रिझोल्यूशनच्या फोनवर बिघडते’ हे निदान मी सहसा मान्य करत नाही.

आता आमच्याकडे आलेले एक प्रकरण सविस्तर सांगतो. एका नोंदणी अर्जाच्या तळाशी ‘मागे’ आणि ‘माहिती जतन करा’ अशी दोन बटणे शेजारीशेजारी होती. 720 पिक्सेलच्या एका फोनवर दुसऱ्या बटणावर फक्त ‘माहिती जतन’ एवढेच दिसत होते आणि त्याखाली ‘करा’चा वरचा तुकडा डोकावत होता. डेव्हलपरच्या फोनवर सगळे व्यवस्थित होते. अशा वेळी पहिले काम म्हणजे फोन संगणकाला जोडून adb या साधनाने फोनची खरी स्थिती वाचून घेणे.

```
adb shell wm size
adb shell wm density
adb shell settings get system font_scale
```

दुसरी आज्ञा डेन्सिटी, म्हणजे डीपीआय सांगते. तिचे उत्तर `Physical density: 320` आणि `Override density: 360` असे आले. याचा अर्थ, फोन वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये डिस्प्लेचा आकार वाढवला होता आणि त्यामुळे रुंदी 360 वरून 320 डीपीवर आली होती. शिवाय अक्षरांचे प्रमाण 1.3 होते. दोन्ही गोष्टी एकदम बदललेल्या असताना दोष कोणामुळे आहे हे सांगता येत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट मूळपदावर आणायची.

```
adb shell wm density reset
adb shell settings put system font_scale 1.0
```

आधी फक्त डेन्सिटी मूळपदावर आणली, तेव्हा 360 डीपीवरही दोष कायम राहिला. मग डेन्सिटी पुन्हा 360 केली आणि अक्षरे 1.0 वर आणली, तेव्हा दोष गेला. म्हणजे कारण अक्षरांच्या आकारात होते. त्यानंतर 1.3 ठेवूनच ॲपची भाषा इंग्रजी केली, तर तिथे बटणावर `Save` हा एकच शब्द असल्याने काहीच बिघडले नाही. शेवटी डेव्हलपरने त्याच्या 411 डीपीच्या फोनवर अक्षरे 1.3 करून पाहिली, तरीही मजकूर एकाच ओळीत मावला. आधी ‘दिसत नाही’ असा शेरा का आला, ते इथे उलगडले. अरुंद स्क्रीन, मोठी अक्षरे आणि मराठी मजकूर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय मजकूर दुसऱ्या ओळीत जात नव्हता, आणि बटणाची उंची 48 डीपी अशी पक्की बांधलेली असल्याने दुसरी ओळ कापली जात होती.

प्रत्येक बदलानंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. चालू ॲपखाली अक्षरांचा आकार बदलला, तर अँड्रॉइड सहसा तो स्क्रीन नव्याने उभा करते आणि कधीकधी भरलेली माहिती नाहीशी होते. तो दोषच आहे, पण वेगळा. त्याची नोंद वेगळी करावी. काही कंपन्यांच्या फोनवर वरच्या आज्ञांना परवानगी मिळत नाही. तिथे डेव्हलपर ऑप्शन्समधल्या `Smallest width` या रकान्यात रुंदी थेट डीपीमध्ये लिहिता येते.

मराठी ॲप तपासताना एक खूण विशेष उपयोगी पडते. देवनागरीत रफार, वेलांटी आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार खाली उतरतात. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली असेल, तर कापाकापी आधी तिथे दिसते. त्यामुळे मी ‘पूर्ती’, ‘नोंदणी’ असे शब्द असलेली शीर्षके आणि चिप नावाची छोटी बटणे मुद्दाम मोठी करून पाहतो. ओळ पूर्ण तुटण्याच्या बऱ्याच आधी रफार गायब झालेला सापडतो.

वरच्या प्रकरणाचा अहवाल शेवटी असा लिहिला गेला:

> नोंदणी अर्ज: ‘माहिती जतन करा’ बटणावरील दुसरी ओळ कापली जाते.
> परिस्थिती: रुंदी 360 डीपी किंवा कमी, अक्षरे 1.3, ॲपची भाषा मराठी.
> कृती: ॲप उघडा, नवीन नोंदणी निवडा, तळापर्यंत सरकवा.
> अपेक्षित: संपूर्ण मजकूर दिसावा. प्रत्यक्ष: ‘करा’ हा शब्द कापलेला दिसतो.
> दिसत नाही: अक्षरे 1.0 असताना, इंग्रजीत, 411 डीपीवर.

याखाली बिल्ड क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनचे मॉडेल आणि न कापलेला पूर्ण स्क्रीनशॉट जोडावा. ‘दिसत नाही’ ही ओळ फार कमी जण लिहितात, पण माझ्या मते अहवालातली सर्वांत मोलाची ओळ तीच, कारण तिच्यामुळे डेव्हलपरचा शोध निम्म्यावर येतो. उंची पक्की बांधलेली आहे हा तर्क मात्र शीर्षकात घालू नये. खाली ‘शक्यता’ म्हणून लिहावा.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. डेन्सिटी बदलून रुंदी बदलता येते, पण दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट किंवा कॅमेऱ्याची खाच त्याच फोनवर आणता येत नाही. तिथे प्रत्यक्ष फोन लागतो आणि मॉडेलचे नावही महत्त्वाचे ठरते. तळाची बटणे झाकली जात असतील, तर तीन बटणांची पट्टी आणि जेश्चर या दोन्ही प्रकारांत पाहावे. ॲप अँड्रॉइड 15 साठी, म्हणजे एपीआय 35 ला लक्ष्य धरून बांधले असेल, तर त्या आवृत्तीवर मजकूर आपोआप पट्ट्यांखालपर्यंत पसरतो. म्हणून अशा बगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती ‘परिस्थिती’च्या ओळीतच लिहावी.

दुरुस्ती होऊन बिल्ड परत आले की फक्त तेच बटण पाहून बग बंद करू नये. आमच्या प्रकरणात उंची मजकुरानुसार वाढू लागली, तेव्हा ‘मागे’ हे बटण 48 डीपीचेच राहिले आणि दोन्ही बटणे वरखाली दिसू लागली. त्यासाठी नवा बग नोंदवावा लागला आणि त्यात आधीच्या बगचा क्रमांक जोडला.