ओट्स रात्रभर भिजवले की फायटिक अ‍ॅसिड जातं का?

*रोज रात्री ओट्स पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते, तरी फेरिटिन १२ आलंय. अजून किती तास भिजवू? आणि कडधान्यांचं काय?*

तास वाढवून काही होणार नाही. डबा आठवडाभर ठेवलात तरी फायटेट, म्हणजे लोह अडवणारं हेच फायटिक अ‍ॅसिड, जवळपास तेवढंच राहील.

फायटेट फोडतं ते धान्यातलं फायटेज हे एन्झाइम. पाणी त्याला फक्त जागं करतं. ओट्समध्ये ते मुळातच कमी, आणि ओट्स खवट होऊ नयेत म्हणून कारखान्यात वाफवून शेकतात तेव्हा उरलंसुरलंही मरतं. फायटेट मात्र उष्णतेला दाद देत नाही. शिवाय तुम्ही ते ठेवता फ्रिजमध्ये. एन्झाइम शाबूत असतं तरी त्या थंडीत त्यानं फारसं काही केलं नसतं.

नेमका हाच वाद माझा दादाशी. वहिनींचं फेरिटिन खाली गेलं तेव्हा त्यानं असेच डबे भरायला सुरुवात केली. मी म्हटलं, त्यात दोन चमचे कच्चं गव्हाचं पीठ घाल. गव्हात फायटेज भरपूर असतं, ते ओट्समधलं फायटेटही फोडेल. त्यावर भर जेवणात साहेब म्हणाले, "कॉलेजात परीक्षानळ्या विसळणाऱ्यानं आहार शिकवू नये." मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. म्हटलं, ठीक आहे, नळ्याच लावू.

फायटेट फुटलं की त्यातून फॉस्फेट सुटं होतं, आणि सुट्या फॉस्फेटला अमोनियम मॉलिब्डेट व क जीवनसत्त्व दिलं की निळा रंग येतो. जितकं फॉस्फेट, तितका गडद. दादाला मुद्दाम शेजारी उभं केलं. पहिल्या नळीत नुसते ओट्स, दुसरीत ओट्स आणि कच्चं पीठ. लगेच त्याची शंका: निळा रंग पिठातल्याच फॉस्फेटचा असेल तर? शंका रास्त होती. म्हणून तिसऱ्या नळीत ओट्सबरोबर तेच पीठ, पण आधी उकळून एन्झाइम मारलेलं. तिन्हींत थोडं व्हिनेगर. लिंबू मुद्दाम टाळलं, कारण त्यातलं सायट्रेट हा रंग येऊ देत नाही. दहीही टाळलं, त्यात स्वतःचंच फॉस्फेट असतं. सगळं ५० अंशांच्या पाण्यात चार तास ठेवलं. ओट्सचं पाणी इतकं बुळबुळीत की गाळणकागदातून थेंबाथेंबानं उतरत होतं, आणि दादा घड्याळ बघत होता. शेवटी पहिली आणि तिसरी नळी फिकट राहिली, दुसरी शाईसारखी निळी झाली. दादा म्हणाला, "तुमच्या प्रयोगशाळेत काहीही होतं."

तर घरी असं करा. एक वाटी ओट्स, दोन चमचे ताजं, न भाजलेलं, कोंड्यासकट गव्हाचं पीठ, चमचाभर लिंबाचा रस (घरी रंग बघायचा नाही, तेव्हा लिंबू चालेल). पाणी बोटाला गरम लागेल पण सहन होईल इतकंच. उकळतं ओतलंत तर पिठातलं एन्झाइम गेलं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये चार-पाच तास ठेवा, मग त्याच पाण्यासकट नीट शिजवा. दूध-दही भिजवताना नको, कॅल्शियममुळे फायटेट फुटायला अडथळा येतो. रात्रभर कोमट ठेवू नका, नको ते जंतू वाढतात. ग्लूटेन चालत नसेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

आता कडधान्यं. त्यांतलं फायटेट सालीत नाही, डाळिंब्यांत असतं. म्हणून साल काढून फरक पडत नाही. भिजवून पाणी टाकलं की थोडं कमी होतं, पण त्या पाण्याबरोबर काही खनिजंही जातात. मोड आणले तर बरंच जास्त फुटतं, कारण रुजताना बी स्वतःच फायटेज तयार करतं. मोड शिजवूनच खा. राजमा तर मोड आले तरी कच्चा खायचाच नाही, आधी चांगला खळखळून उकळायचा. दादा भिजवताना सोडा घालतो, लवकर शिजतं म्हणून. शिजतं, खरं आहे. पण फायटेज चालतं किंचित आंबट पाण्यात, सोड्याच्या पाण्यात नाही. यावरही मी नळ्या लावून दाखवीन, पण आता तो प्रयोगशाळेत यायला तयार नाही.

एक राहिलंच. थोडं फायटेटसुद्धा लोह अडवतं, त्यामुळे अर्धवट कमी करून फार फरक दिसत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं फळ घेतलंत तर जास्त उपयोग होईल. आणि १२ फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आलाय, तो ओट्सनं भरायची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा, कशामुळे उतरलं ते शोधा, गोळी दिली तर घ्या. चहा-कॉफी जेवणापासून आणि गोळीपासून लांब ठेवा.