कॅथेटर चुकून योनिमार्गात गेल्यास काय करावे

नव्याने वॉर्डात रुजू झालेल्या सिस्टर, स्त्री रुग्णाला कॅथेटर घालताना डाव्या हाताने ओष्ठ एकदा बाजूला केले की तो हात निर्जंतुक राहत नाही. म्हणून फुगा फुगेपर्यंत तो तिथून हलवू नका आणि त्याने कॅथेटरला स्पर्श करू नका. पुसताना वरून खाली एकदाच पुसून प्रत्येक बोळा टाकून द्या.

बीडच्या एका आजींना मी १४ नंबरचा फोली घातला, पण लघवी आली नाही, कारण तो योनिमार्गात गेला होता. तोच काढून पुन्हा घालण्याचा मोह होतो, मात्र त्यामुळे तिथले जंतू थेट मूत्राशयात पोहोचतात. मी तो खूण म्हणून तसाच ठेवला, नवा निर्जंतुक कॅथेटर त्याच्या वर असलेल्या मूत्रमार्गाच्या छिद्रातून घातला, लघवी दिसल्यावर आणखी सुमारे ५ सेंटिमीटर पुढे सरकवून १० मिली निर्जंतुक पाण्याने फुगा भरला आणि मगच पहिला काढला.

पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता अडकवा. नातेवाईक रुग्णाला उठवताना ती पलंगावर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी वाहते. जोड उघडू नका आणि कॅथेटरची गरज उरली आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारा.